गुणतक्ता आधी, खेळ नंतर

मे महिन्याच्या सुट्टीत घरातली माणसे जमतात, दर रविवारी एक खेळ ठरतो आणि सहा आठवड्यांनी घरचा विजेता निघतो. अशा कौटुंबिक ऑलिंपिकबद्दल एक समज सरसकट आढळतो. खेळ नीट निवडले, खेळाचे नियम सर्वांना माहीत असले आणि कुणी लबाडी केली नाही, की निकाल आपोआप न्याय्य येतो. गुण काय, शेवटी बेरीज करायची आहे. माझ्या मते हा समज उथळ आहे. कॅरम, रमी, बुद्धिबळ आणि नाव-गाव-फळ-फूल या चार खेळांना समान मापच नाही. त्यांची बेरीज करताना आपण कोणत्या खेळाला किती वजन दिले, सातत्याला महत्त्व दिले की एखाद्या खेळातल्या प्रावीण्याला, हे गुणपद्धती ठरवते. तेच निकाल एका तक्त्यात घातले तर एक माणूस जिंकतो आणि दुसऱ्या तक्त्यात घातले तर दुसरा. म्हणून गुणतक्ता हा खेळानंतरचा हिशेब मानता येत नाही. तोही स्पर्धेचा एक नियमच आहे, आणि पहिला खेळ सुरू होण्याआधी त्याची परीक्षा व्हायला हवी.

या लेखात एकच उदाहरण शेवटपर्यंत धरले आहे. समजा, सहा खेळाडू आहेत: आजोबा, बाबा, आई, काकू, पंधरा वर्षांची ताई आणि नऊ वर्षांचा धाकटा. आठवडे सहा, खेळही सहा: कॅरम, बुद्धिबळ, रमी, नाव-गाव-फळ-फूल, सागरगोटे आणि उलट्या ठेवलेल्या पत्त्यांतून जोड्या लावण्याचा स्मरणखेळ.

१. गुणांची थेट बेरीज का चालत नाही

सर्वांत सोपी वाटणारी पद्धत म्हणजे प्रत्येक खेळात मिळालेले गुण लिहीत जायचे आणि शेवटी बेरीज करायची. तिच्यातली अडचण आकडे लिहिल्याबरोबर दिसते. बुद्धिबळात प्रत्येकाने इतर पाच जणांशी एकेक डाव खेळला, तर जास्तीत जास्त ५ गुण मिळतात. कॅरमचा गेम २५ गुणांचा धरला तर पाच गेममध्ये १२५ गुण होऊ शकतात. रमीत हरणाऱ्याच्या हातात उरलेल्या पानांचे गुण एका डावाला ८० पर्यंत जातात आणि तिथे कमी गुण चांगले, म्हणजे बेरजेत ते वजा करावे लागणार. दहा डावांनंतर दोन खेळाडूंमध्ये दोनशे गुणांचे अंतर पडणे मुळीच अवघड नाही. अशा बेरजेत बुद्धिबळाचे पाचही डाव जिंकणारा माणूस रमीच्या एका वाईट डावात सगळे गमावतो. कुणी ठरवले नव्हते, तरी स्पर्धा रमीची झाली.

यावर सुचणारा उपाय असा असतो की प्रत्येक खेळातल्या विजेत्याला १०० द्यावेत आणि बाकीच्यांना त्याच्या प्रमाणात. हा उपाय अधिक फसवा आहे, कारण तो न्याय्य दिसतो. नाव-गाव-फळ-फूलमध्ये सगळेच काही ना काही लिहितात. पहिल्याचे ४०० गुण असतील तर शेवटच्याचे ३४० असतील, म्हणजे शंभरच्या मापात १०० ते ८५. कॅरममध्ये मात्र पहिल्याचे १२५ आणि शेवटच्याचे २५ असू शकतात, म्हणजे १०० ते २०. दोन्ही खेळ १०० पैकी मोजले, पण एका खेळात माणसे १५ गुणांच्या पट्ट्यात आहेत आणि दुसऱ्यात ८० गुणांच्या. अंतिम क्रमावर कॅरमचा प्रभाव पाचपट पडेल. शाळेच्या गुणपत्रिकेतही हेच घडते: ज्या विषयात सगळ्या वर्गाला ८५ ते ९० मिळतात तो विषय पहिला नंबर ठरवत नाही, ज्या गणितात ३० ते ९८ पडतात ते ठरवते. थोडक्यात, खेळाचे वजन त्याच्या कमाल गुणांत नसते, गुणांच्या विखुरण्यात असते.

संख्याशास्त्रात यावर उत्तर आहे. प्रत्येक खेळाची सरासरी वजा करायची आणि विखुरणीच्या मापाने, म्हणजे प्रमाण विचलनाने, भागायचे. मोठ्या परीक्षांसाठी ते योग्य आहे. पण सहा माणसांच्या घरात दोन अडचणी येतात. एकच खेळाडू फार पुढे किंवा फार मागे राहिला तर सहा आकड्यांचे प्रमाण विचलन त्याच्यामुळेच फुगते आणि मधल्या चौघांतला खरा फरक पुसला जातो. शिवाय नऊ वर्षांच्या मुलाला आपले गुण स्वतः मोजता आले नाहीत, तर पद्धत कितीही अचूक असली तरी तिच्यावर त्याचा विश्वास बसत नाही. म्हणून घरच्या स्पर्धेत खेळाचे मूळ गुण फक्त त्या दिवशीचा क्रमांक ठरवण्यापुरते वापरावेत आणि क्रमांकाला गुण द्यावेत. त्यामुळे सहाही खेळांत अंतर एकसारखे राहते आणि विखुरण्याचा प्रश्न मुळातून सुटतो. दोघे बरोबरीत आले तर त्या दोन जागांचे गुण निम्मे-निम्मे वाटायचे.

२. क्रमांकाचा तक्ता किती उताराचा असावा

क्रमांक घेतले म्हणजे काम संपले असे वाटते, पण वाद खरा इथे सुरू होतो. पहिल्याला आणि दुसऱ्याला मिळणाऱ्या गुणांत किती अंतर ठेवायचे? समजा सहा आठवड्यांत बाबांचे क्रमांक असे आले: १, १, १, ५, ६, ६. कॅरम, बुद्धिबळ, रमी त्यांनी जिंकले आणि उरलेल्या तीन खेळांत ते तळाशी राहिले. ताईचे क्रमांक असे: २, २, ३, २, ३, २. तिने एकही खेळ जिंकला नाही, पण ती कधी तिसऱ्याच्या खालीही गेली नाही. आता सरळ उताराचा तक्ता लावू: पहिल्याला ६, मग ५, ४, ३, २, १. बाबांचे होतात २२ आणि ताईचे २८. ताई स्पष्टपणे जिंकते. आता घरोघरी लोकप्रिय असलेला तीव्र उताराचा तक्ता लावू: १०, ६, ४, ३, २, १. बाबांचे होतात ३४ आणि ताईचे ३२. खेळ तेच, क्रमांक तेच, फक्त तक्ता बदलला आणि विजेता बदलला.

यातला कोणता निकाल बरोबर, याचे उत्तर गणित देत नाही. तीव्र तक्ता म्हणतो, जिंकणे ही वेगळीच गोष्ट आहे आणि एखाद्या खेळात निष्णात असणाऱ्याचा मान मोठा. सरळ तक्ता म्हणतो, सगळे खेळ बऱ्यापैकी येणे महत्त्वाचे. मोटार शर्यतींत पहिल्याला मोठा मोबदला देणे समजण्यासारखे आहे, कारण तिथे दर वेळी शर्यतच असते आणि जिंकणे हाच तिचा हेतू असतो. पण वेगवेगळे सहा खेळ मुद्दाम एकत्र आणण्याचा हेतूच अष्टपैलूपणा पाहणे हा आहे. नाहीतर सहा आठवडे कॅरमच खेळता आले असते. म्हणून अशा स्पर्धेसाठी मी सरळ उतार योग्य मानतो.

तीव्रता टोकाला गेली की काय होते, हे २०२१ मध्ये झालेल्या टोकियो ऑलिंपिकने जगाला दाखवले. तिथे स्पोर्ट क्लाइंबिंगमध्ये वेग, बोल्डरिंग आणि लीड असे तीन प्रकार होते, आणि तिन्हींतल्या क्रमांकांचा गुणाकार करून ज्याचा आकडा सर्वांत लहान तो विजेता ठरत होता. गुणाकारात एका पहिल्या क्रमांकाचा फायदा प्रचंड होतो. पुरुषांच्या अंतिम फेरीत स्पेनचा अल्बेर्तो गिनेस लोपेझ वेगात पहिला, बोल्डरिंगमध्ये सातवा आणि लीडमध्ये चौथा आला. १ × ७ × ४ म्हणजे २८, आणि त्याला सुवर्ण मिळाले. चेक प्रजासत्ताकाच्या अॅडम ओंड्राचे क्रमांक होते ४, ६ आणि २, म्हणजे ४८, आणि तो सहावा आला. लीडमध्ये ऑस्ट्रियाचा याकोब शुबर्ट त्याच्या पुढे गेला नसता, तर ओंड्राचे ४ × ६ × १ म्हणजे २४ झाले असते आणि सुवर्ण त्याचे असते. एका प्रकारातली एक पायरी, आणि फरक पहिल्या व सहाव्या जागेचा. शिवाय ओंड्रा आणि लोपेझ यांच्यातला निकाल तिसऱ्याच माणसाच्या चढाईने फिरला. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये वेगाचा प्रकार स्वतंत्र झाला आणि उरलेल्या दोन प्रकारांना प्रत्येकी १०० गुण देऊन त्यांची बेरीज करण्यात आली. क्रमांकांवर आधारलेल्या कोणत्याही पद्धतीत तिसऱ्याचा थोडा परिणाम उरतोच. पण सरळ उतारात एका पायरीची किंमत नेहमी एकच गुण असते, त्यामुळे हा धक्का आवाक्यात राहतो.

३. गैरहजेरी आणि वगळायचा आठवडा

एका दिवसाच्या स्पर्धेत न येणारा हा प्रश्न आहे. सहा आठवड्यांत कुणी आजारी पडेल, कुणाचा क्लास असेल, कुणाला लग्नाला जावे लागेल. गैरहजर माणसाला शून्य दिले तर ६ ते १ च्या तक्त्यात तो एका रविवारी पाच-सहा गुणांनी मागे जाऊ शकतो आणि उरलेले आठवडे त्याच्यासाठी निरर्थक होतात. शिडाच्या होड्यांच्या शर्यतींत यावर जुना उपाय आहे: मालिकेतली सर्वांत वाईट कामगिरी प्रत्येकाच्या हिशेबातून वगळायची. घरातही तोच वापरता येतो. सहापैकी सर्वोत्तम पाच आठवडे धरायचे. गैरहजेरी म्हणजे शून्य, आणि बहुधा तेच वगळले जाईल. त्या दिवशी हजर असलेल्यांना मात्र वरून गुण द्यायचे: पाच जण असले तर ६, ५, ४, ३, २. खालून मोजले तर एकाच्या न येण्याने विजेत्याचे गुण कमी होतील, आणि राग न आलेल्या माणसावर निघेल.

पण वगळण्याची सवलत दिसते तितकी निरुपद्रवी नाही. १९८८ च्या फॉर्म्युला वनमध्ये १६ शर्यतींपैकी सर्वोत्तम ११ धरल्या जात. अॅलन प्रॉस्टने एकूण १०५ गुण मिळवले होते आणि आयर्टन सेनाने ९४. वगळणीनंतर प्रॉस्टचे ८७ उरले, सेनाचे ९० उरले, आणि विश्वविजेता सेना ठरला. वगळण्याच्या नियमाने सातत्याचे वजन कमी केले आणि मोठ्या विजयांचे वाढवले. १९९१ पासून तिथे सर्व शर्यतींचे गुण धरले जाऊ लागले.

हेच आपल्या उदाहरणात पाहू. समजा, पहिल्या क्रमांकाचा थोडा मान राखावा म्हणून घराने ७, ५, ४, ३, २, १ असा मधला तक्ता घेतला. काहीच वगळले नाही तर ताईचे २८ आणि बाबांचे २५ होतात. एक आठवडा वगळला तर ताईचा एक तिसरा क्रमांक जातो, बाबांचा एक सहावा जातो, आणि दोघेही २४ वर येतात. दोन आठवडे वगळले तर बाबा २३ आणि ताई २०. एकच तक्ता, पण वगळणी शून्यावरून दोनवर गेली की निकाल पूर्ण उलटा. कारण उघड आहे: सातत्याने खेळणाऱ्याकडे टाकून देण्यासारखे वाईट काही नसते, त्यामुळे वगळणीचा फायदा नेहमी चढउतार असणाऱ्याला होतो. पहिल्याला जादा गुण देणे आणि वाईट आठवडा वगळणे हे वरवर दोन वेगळे नियम वाटतात, पण दोन्हींचा झुकाव एकाच बाजूला आहे. दोन्ही एकत्र ठेवले तर तीच मेहेरबानी दोनदा होते.

म्हणून गैरहजेरीसाठी वगळणी हवी असेल तर तक्ता सरळच ठेवावा. ६, ५, ४, ३, २, १ आणि एक आठवडा वगळलेला, या जोडीने ताईचे २४ आणि बाबांचे २१ होतात. आजारी पडणाऱ्याला संरक्षण मिळते आणि अष्टपैलूपणाही टिकतो. दोन आठवडे मात्र वगळू नयेत. सरळ तक्त्यातही मग दोघांचे प्रत्येकी २० होतात, आणि न आवडणारे दोन खेळ कुणीही बिनधास्त सोडून देऊ शकतो. एक अपवाद ठेवावा. एखाद्या खेळात कुणाला पंच व्हावे लागते, किंवा नाव-गावची अक्षरे काढून उत्तरे तपासावी लागतात. तो माणूस सर्वांसाठी बाहेर बसला आहे, त्यामुळे त्या आठवड्याला त्याला स्वतःच्या इतर आठवड्यांची सरासरी द्यावी.

४. वयाची सवलत कुठे द्यावी

नऊ वर्षांचा मुलगा आणि साठी ओलांडलेले आजोबा यांना बुद्धिबळात एकाच मापाने मोजणे ही नावाचीच समानता झाली. म्हणून अनेक घरांत लहानांना प्रत्येक आठवड्याला एक-दोन गुण वरून दिले जातात. हेतू चांगला असला तरी जागा चुकली आहे. असे गुण सर्व खेळांत सारखेच मिळतात, पण वयाचा तोटा सर्व खेळांत सारखा नसतो. बुद्धिबळात तो मोठा असतो, कॅरममध्ये हात पुरण्यापुरता असतो, आणि पत्त्यांच्या जोड्या लावण्याच्या खेळात तर मुले मोठ्यांना सहज टक्कर देतात. तिथे दिलेला जादा गुण इतरांवर अन्याय करतो, आणि मुलालाही आपला क्रमांक दान म्हणून मिळाल्यासारखा वाटतो.

सवलत खेळाच्या आत द्यावी, क्रमांक लागण्याआधी. कॅरममध्ये धाकट्याने २५ च्या गेमला ० ऐवजी १० वरून सुरुवात करावी. बुद्धिबळात आजोबांनी त्याच्याविरुद्ध वजीर न घेता खेळावे. प्यादे, घोडा, हत्ती किंवा वजीर कमी ठेवून खेळण्याची प्रथा बुद्धिबळात जुनीच आहे. नाव-गावमध्ये त्याला अर्धे मिनिट जास्त द्यावे. मग जो क्रमांक लागेल तो पूर्ण त्याचा, आणि तक्त्यात त्याला कुणाहून वेगळे मोजायचे नाही. सवलत वयासाठी असावी, कौशल्यासाठी नाही. बाबा कॅरम चांगला खेळतात म्हणून काकूंना १० गुण आधी दिले तर सरावालाच शिक्षा होते. गोल्फमध्ये कौशल्याची सवलत दिली जाते हे खरे, पण तिथे ती खेळाडूच्या आधीच्या अनेक फेऱ्यांवरून काढतात. घरी प्रत्येक खेळ एकदाच होणार असल्याने तशी नोंद हाताशी नसते. सवलत चुकली की नाही हे कळायला एक खूण पुरते: धाकटा प्रत्येक खेळात सहावा येत असेल तर ती कमी आहे, प्रत्येक खेळात पहिला येत असेल तर जास्त. मधे कुठेतरी फिरत असेल तर ती ठीक आहे.

५. खेळांची यादी हेही एक वजन

तक्ता कितीही काळजीपूर्वक बनवला तरी यादीतून पक्षपात आत शिरू शकतो. सहा खेळांत कॅरम, गोट्या आणि रिंग टाकणे असे तीन खेळ असतील तर नेम धरणाऱ्या हाताला निम्मे गुण गेले, आणि प्रत्येक खेळाला सारखे वजन दिल्याचा दावा पोकळ ठरला. डेकॅथलॉनमध्ये चार धावण्याचे, तीन उड्यांचे आणि तीन फेकीचे प्रकार असतात. कोणत्या क्षमतेला किती वाटा हे तिथे प्रकारांच्या यादीतच ठरून गेलेले असते. घरासाठी नियम सोपा आहे: प्रत्येकाने एक खेळ सुचवावा, आणि एका जातीचे दोनांपेक्षा जास्त खेळ यादीत नसावेत.

याच यादीत नशिबाचा विचारही करावा लागतो. रमीचा एकच डाव झाला तर निकाल मुख्यतः हातात आलेली पाने ठरवतात. डाव वाढवले की नशीब एकमेकांना छेदते, पण हळूहळू: डाव चौपट केले तर सरासरीतला नशिबाचा चढउतार निम्मा होतो. म्हणून रमीचे निदान दहा डाव आधीच ठरवावेत. सापशिडीसारखा खेळ मात्र कितीही वेळा खेळला तरी त्यात कौशल्य येत नाही. तो गमतीसाठी जरूर खेळावा, तक्त्यात घेऊ नये.

६. तीन आक्षेप

पहिला आक्षेप असा की घरच्या खेळांना एवढे नियम कशाला, सगळे आपलेच आहेत. पण नियम न ठरवणे म्हणजे नियम नसणे नव्हे. कच्च्या गुणांची बेरीज केली तर रमीला जास्त वजन देणारा नियम लागू झालेलाच असतो, फक्त तो कुणी पाहिलेला नसतो. शेवटच्या रविवारी जेव्हा दोन माणसे जवळ येतात आणि कुणीतरी म्हणते की वाईट आठवडा वगळू या, तेव्हा त्या सूचनेने कोण जिंकणार हे सर्वांना दिसत असते. आपली माणसे आहेत, म्हणूनच तो प्रसंग टाळायला हवा.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. क्रमांक घेतल्याने फरकाची किंमत जाते: कॅरममध्ये २५-० ने जिंकणारा आणि २५-२४ ने जिंकणारा सारखेच मोजले जातात. हे नुकसान खरे आहे आणि मी ते मान्य करतो. पण ते सर्वांचे सारखे होते, आणि बदल्यात सहा वेगळे खेळ एका मापावर येतात. त्यातही फरक पूर्ण वाया जात नाही. कॅरममध्ये सर्वांनी सर्वांशी खेळून पाच गेमचे गुण मिळवले, तर २५-० च्या विजयाचा त्या दिवशीचा क्रमांक वर जाण्यास उपयोग होतोच. मोठा विजय त्या खेळापुरता मोजला जातो, इतर खेळांवर त्याचे ओझे पडत नाही.

तिसरा आक्षेप रंगतीचा. कुणी पाच आठवड्यांत फार पुढे गेले तर शेवटचा रविवार फिका पडेल, म्हणून शेवटच्या खेळाला दुप्पट गुण द्यावेत असे सुचवले जाते. फॉर्म्युला वनने २०१४ मध्ये अबू धाबीच्या शेवटच्या शर्यतीला दुप्पट गुण दिले आणि पुढच्याच वर्षी तो नियम काढला. घरात तर दुप्पट गुण म्हणजे शेवटी योगायोगाने आलेल्या खेळाला दुप्पट वजन; तो सागरगोटे असेल तर स्पर्धा सागरगोट्यांकडे झुकली. रंगत राखायचे काम वगळायचा आठवडा आधीच करतो, कारण मागे पडलेल्याचा एक वाईट रविवार शेवटच्या चांगल्या रविवाराने बाहेर ढकलला जाऊ शकतो.

पहिल्या रविवाराआधीची तपासणी

या सगळ्याचे फलित एका कागदावर मावते: मूळ गुण फक्त क्रमांकासाठी, क्रमांकाला ६ ते १ गुण, बरोबरीला वाटणी, सहापैकी एक आठवडा वगळलेला, पंचाला स्वतःची सरासरी, वयाची सवलत खेळाच्या आत, एका जातीचे दोनच खेळ. पण कागद भिंतीवर लावण्याआधी त्याची परीक्षा घ्यावी. तीन काल्पनिक खेळाडूंचे सहा-सहा क्रमांक लिहावेत: तीन खेळांत पहिला आणि तीन खेळांत तळाशी राहणारा, सगळीकडे दुसरा-तिसरा येणारा, आणि चांगला खेळणारा पण एकदा गैरहजर राहिलेला. तक्ता लावून कोण जिंकतो ते पाहावे आणि सर्वांना विचारावे, हाच विजेता आपल्याला हवा होता का. उत्तर नाही असेल तर तेव्हाच तक्ता बदलावा. त्या वेळी नावे काल्पनिक असतात, त्यामुळे कुणाचाही स्वार्थ त्यात नसतो. पहिला डाव मांडला गेल्यानंतर तीच दुरुस्ती कुणाच्या तरी बाजूची आणि कुणाच्या तरी विरुद्ध होते.